उणे साडेसतरा फूट

संख्याशास्त्राच्या पेपरात एक प्रश्न वर्षानुवर्षे वेगवेगळ्या रूपांत येतो. पन्नास नोंदी दिलेल्या असतात. प्रत्येक नोंदीत गाडीचा वेग आणि त्या वेगाने जाणारी गाडी थांबायला लागलेले अंतर असते. त्यावर काढलेल्या लिनिअर रिग्रेशनचे आउटपुट छापलेले असते आणि खाली चार उपप्रश्न: उताराचा अर्थ सांगा, इंटरसेप्टचा अर्थ सांगा, आर-स्क्वेअरचा अर्थ सांगा, दिलेल्या वेगासाठी अंदाज वर्तवा. आकडेमोड जवळजवळ शून्य, कारण ती आधीच झालेली असते. तरीही गुण जातात ते इथेच, कारण विचारलेला असतो अर्थ.

नोंदी खऱ्या आहेत. १९२० च्या दशकात अमेरिकेत घेतलेल्या. मॉर्डेकाय इझिकिएल या कृषी-अर्थशास्त्रज्ञाच्या १९३० सालच्या पुस्तकातून त्या पुढे आल्या आणि आज ‘आर’ या संगणकीय भाषेत आयत्या मिळतात. वेग ताशी मैलांत आणि अंतर फुटांत आहे. सर्वांत हळू गाडी ताशी ४ मैलांची, सर्वांत वेगवान २५ मैलांची. आजच्या हिशेबाने पंचविशीचा वेग म्हणजे ताशी ४० किलोमीटर, गल्लीतली स्कूटरसुद्धा गाठेल एवढा. हा पल्ला लक्षात ठेवा, त्याचे काम शेवटी पडणार आहे.

आउटपुट असे दिसते:

```
lm(dist ~ speed, data = cars)

            Estimate Std. Error t value Pr(>|t|)
(Intercept) -17.5791     6.7584  -2.601   0.0123
speed         3.9324     0.4155   9.464 1.49e-12

Multiple R-squared: 0.6511
```

म्हणजे रेषेचे समीकरण: अंतर = −१७.५८ + ३.९३ × वेग.

आधी उतार. बहुतेक विद्यार्थी लिहितात, “वेग वाढला की अंतर वाढते.” चूक नाही, पण एवढे तर आकडा न पाहताही सांगता आले असते. ३.९३ हा आकडा दिला आहे, तर त्याला एकक हवे. उताराचे एकक नेहमी उभ्या अक्षाचे एकक भागिले आडव्या अक्षाचे एकक असते, म्हणून इथे ते फूट प्रति ताशी मैल. उत्तर असे लिहावे: ज्या गाड्यांचा वेग ताशी एका मैलाने जास्त आहे, त्यांना थांबायला सरासरी ३.९३ फूट जास्त लागतात, असा या रेषेचा अंदाज आहे.

या वाक्यातले दोन शब्द गुण मिळवून देतात. एक ‘सरासरी’. ताशी १४ मैल वेगाच्या चार नोंदी आहेत आणि त्यांची अंतरे २६, ३६, ६० आणि ८० फूट आहेत. वेग तोच, पण एक गाडी दुसरीच्या तिप्पट लांब जाऊन थांबते. उतार या चारांपैकी कोणाही एका गाडीचे वर्तन सांगत नाही, तो सांगतो मधली वाट कशी चढते ते. दुसरा शब्द ‘ज्या गाड्यांचा’. आपल्याकडे एकाच गाडीचा वेग वाढवत नेऊन घेतलेली मापे आहेत असे प्रश्नात कुठेही म्हटलेले नाही. आपण वेगवेगळ्या वेगांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहत आहोत. वेगामुळे अंतर वाढते हे आपल्याला ठाऊक आहे ते भौतिकशास्त्रामुळे. उताराला कारण आणि परिणाम यांतला फरक कळत नाही. वेगाच्या जागी गाडीची किंमत घातली असती तरी त्याने तितक्याच निर्विकारपणे एक आकडा दिला असता.

उताराचा मोठेपणा एककांवर ठरतो, हेही इथे सहज पाहता येते. वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि अंतर मीटरमध्ये मांडले तर तोच उतार ०.७४ होतो. ३.९३ चा ०.७४ झाला म्हणून संबंध कमजोर झाला, असे नाही. रेषा तीच, मोजपट्टी बदलली. त्यामुळे “उतार १ पेक्षा मोठा, म्हणून संबंध घट्ट” असे उत्तर कधीही लिहू नये. उतार किती खात्रीचा आहे ते त्याच्या शेजारच्या रकान्यात असते. प्रमाण त्रुटी ०.४२ आहे. तिच्या साधारण दुप्पट अंतर दोन्ही बाजूंना घेतले तर खरा उतार ३.१० ते ४.७७ च्या दरम्यान असावा असा ९५ टक्के विश्वासाचा पट्टा मिळतो. शून्य त्याच्या खूप बाहेर आहे.

आता इंटरसेप्ट. मला या संपूर्ण प्रश्नातला सर्वांत शिकवणारा आकडा हाच वाटतो.

साच्यातले उत्तर असे: “वेग शून्य असताना थांबण्याचे अंतर उणे १७.५८ फूट असते.” व्याख्येप्रमाणे वाक्य बिनचूक आहे, कारण आडव्या अक्षावर शून्य घातले की रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तोच इंटरसेप्ट. पण उभी असलेली गाडी थांबण्यासाठी साडेसतरा फूट मागे जात नाही. इथे विद्यार्थ्यांचे दोन गट पडतात. काही जण वाक्य तसेच लिहून पुढे जातात. काही जण लिहितात, “शून्य वेग नोंदींच्या पल्ल्याबाहेर आहे, म्हणून इंटरसेप्टला व्यावहारिक अर्थ नाही.” हे दुसरे उत्तर पाठ्यपुस्तकी आहे आणि बहुतेक परीक्षक त्यावर पूर्ण गुण देतील. बऱ्याच प्रश्नांत ते पुरेसेही असते. उंचीवरून वजनाचा अंदाज काढताना शून्य उंचीचा माणूस कोणाला भेटणार आहे?

पण या प्रश्नात ते उत्तर अर्धवट आहे. पल्ल्याबाहेर न जाता, पल्ल्याच्या आतला सर्वांत कमी वेग घ्या, ताशी ४ मैल. ३.९३ गुणिले ४ म्हणजे १५.७३, त्यातून १७.५८ वजा केले की उरतात उणे १.८५ फूट. या वेगाच्या दोन नोंदी आपल्याकडे प्रत्यक्ष आहेत. एक गाडी २ फुटांत थांबली, दुसरी १० फुटांत. रेषा मात्र म्हणते की ती पावणेदोन फूट मागे गेली असेल. म्हणजे दोष फक्त दूरवरच्या शून्याचा नाही. रेषा स्वतःच्या अंगणातच चुकते आहे.

आउटपुटमध्ये याचा आणखी एक पुरावा आहे, आणि नेमका तोच बहुतेक जण उलटा वाचतात. इंटरसेप्टच्या ओळीत शेवटी ०.०१२३ हे पी-मूल्य आहे. एका उत्तरपत्रिकेत मी वाचले होते, “पी-मूल्य ०.०५ पेक्षा कमी आहे, म्हणून इंटरसेप्ट अर्थपूर्ण आहे.” मुलीचे अक्षर सुरेख होते, बाकीची उत्तरे नेटकी होती, आणि हे एक वाक्य तिने अगदी आत्मविश्वासाने लिहिले होते. तिला चूक वाटावी तरी कशी? वर्गात ‘सिग्निफिकंट’ या शब्दाचे भाषांतर ‘अर्थपूर्ण’ असेच केले जाते. पण पी-मूल्य फक्त एवढेच विचारते की खरा इंटरसेप्ट शून्य असता, तर उणे १७.५८ इतका लांबचा आकडा केवळ योगायोगाने मिळणे कितपत शक्य होते. उत्तर आहे, फारसे नाही. शंभरांत साधारण एकदा.

आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवा. उभ्या गाडीला थांबायला शून्य अंतर लागते, हे मोजून पाहण्याचीही गरज नाही. आणि नोंदींवरची सरळ रेषा सांगते की इंटरसेप्ट शून्य नाही, तो शून्याच्या बराच खाली आहे. या दोन गोष्टींचा मेळ बसायचा तर एकच वाट राहते: नाते मुळात सरळ रेषेचे नाही.

का नाही, ते भौतिकशास्त्र सांगते. चालकाला धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत जो क्षण जातो त्यात गाडी वेगाच्या प्रमाणात पुढे सरकते. पण ब्रेक लागल्यावर घासून संपवायची असते ती गाडीची गतिज ऊर्जा, आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग दुप्पट, तर ब्रेकखालचे अंतर चौपट. म्हणजे खरे नाते वर वळत जाणारा वक्र आहे, कढईच्या उजव्या काठासारखा. अशा वक्रावर सरळ पट्टी ठेवली तर ती मधल्या भागात वक्राच्या वर राहते, दोन्ही टोकांना वक्राच्या खाली जाते आणि डावीकडे वाढवत नेली की शून्याखाली घुसते. उणे साडेसतरा हा आकडा त्या पट्टीचा आहे, गाड्यांचा नाही.

हे डोळ्यांनी पडताळता येते. प्रत्येक नोंदीतून रेषेचा अंदाज वजा केला की जे उरते त्याला अवशेष म्हणतात. ताशी ४ मैलांच्या दोन्ही गाड्यांचे अवशेष अधिक आहेत. १२ मैलांच्या चारही गाड्यांचे उणे आहेत. २४ आणि २५ मैलांच्या पाचपैकी चार पुन्हा अधिक आहेत. अधिक, उणे, अधिक असा क्रम दिसला की समजावे, सरळ पट्टी वक्रावर ठेवली गेली आहे.

इंटरसेप्ट निरुपयोगी मात्र नाही. त्याची जागा बदलली की तो बोलू लागतो. या पन्नास नोंदींचा सरासरी वेग ताशी १५.४ मैल आहे. प्रत्येक वेगातून १५.४ वजा करून तीच रेषा पुन्हा काढली तर उतार ३.९३ च राहतो, आर-स्क्वेअर तोच राहतो, फक्त इंटरसेप्ट ४२.९८ होतो. आता त्याचा अर्थ सरळ आहे: सरासरी वेगाच्या गाडीला थांबायला अंदाजे ४३ फूट लागतात. हा सर्व ५० अंतरांच्या सरासरीचाही आकडा आहे, आणि हा योगायोग नाही. रिग्रेशनची रेषा दोन्ही सरासरींच्या बिंदूतूनच जाते. आडव्या अक्षावर शून्य कुठे धरायचे हे आपण ठरवतो, आणि इंटरसेप्ट त्या ठरवण्यामागे चालतो.

तिसरा उपप्रश्न आर-स्क्वेअरचा. ०.६५११. साच्यातले उत्तर: “अंतरातील ६५.११ टक्के बदल वेगाने स्पष्ट होतो.” परीक्षेत हे चालते, पण ‘बदल’ म्हणजे नेमके काय, हे विचारले की पुष्कळांची पंचाईत होते. कोणी म्हणते ६५ टक्के गाड्या रेषेवर आहेत. कोणी म्हणते ६५ टक्के अंदाज बरोबर येतील. दोन्ही चूक.

हिशेब असा आहे. समजा तुम्हाला कोणत्याही गाडीचा वेग सांगितलाच नाही. मग प्रत्येक गाडीसाठी तुम्ही सरासरी अंतर, म्हणजे ४२.९८ फूट, हाच अंदाज द्याल. प्रत्येक वेळी काही फुटांची चूक होईल. त्या चुकांचे वर्ग करून बेरीज केली तर ती ३२,५३९ येते. आता वेग सांगितला आणि रेषा दिली. पुन्हा अंदाज, पुन्हा चुका, पुन्हा वर्गांची बेरीज, आणि आता ती ११,३५४ येते. जवळपास २१,१८५ कमी झाले. मूळच्या ३२,५३९ चे हे ६५.११ टक्के होतात. म्हणजे आर-स्क्वेअर ही नुसत्या सरासरीच्या तुलनेत रेषेने केलेली बचत आहे, आणि ती चुकांच्या वर्गांत मोजलेली आहे.

‘वर्गांत’ या शब्दामुळे आकडा वाटतो त्यापेक्षा मोठा दिसतो. फुटांत पाहा. वेग माहीत नसताना अंदाज साधारण २५.८ फुटांनी चुकायचा, रेषा मिळाल्यावर तो १५.४ फुटांनी चुकतो. ही घट ४० टक्क्यांची आहे. ६५ टक्के ऐकून ज्याला वाटले की प्रश्न दोनतृतीयांश सुटला, त्याने हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. ताशी २० मैलांसाठी रेषेचा अंदाज ६१ फूट आहे. प्रत्यक्षात त्या वेगाच्या पाच गाड्या ३२, ४८, ५२, ५६ आणि ६४ फुटांत थांबल्या. म्हणून अंदाजाच्या उत्तरात नुसते ‘६१ फूट’ न लिहिता ‘६१ फूट, पंधराएक फुटांच्या चुकीसह’ असे लिहावे. ही पंधरा फुटांची चूकही सर्व वेगांना सारखी नाही. १३ मैलांपर्यंत एकही गाडी रेषेपासून १६ फुटांहून दूर नाही. त्यापुढे मात्र काही गाड्या ४० फुटांहून जास्त दूर गेल्या आहेत.

इथे एखादा हुशार विद्यार्थी विचारतो: इंटरसेप्ट शून्यच असायला हवा हे आपल्याला माहीत आहे, तर रेषा जबरदस्तीने शून्यातून का काढू नये? काढता येते. आणि मग आउटपुटमध्ये आर-स्क्वेअर ०.६५ वरून थेट ०.८९६३ वर जातो. हा आकडा पाहून पुष्कळ जण खूश होतात आणि नवी रेषा जास्त चांगली, असे लिहून मोकळे होतात.

पण अंदाजाची चूक पाहा. आधी ती १५.४ फूट होती, आता १६.३ झाली आहे. रेषा नोंदींपासून दूर गेली आणि तरी आर-स्क्वेअर वाढला! कारण तुलनेचा पाया बदलला. इंटरसेप्ट काढून टाकला की संगणक बचत मोजताना सरासरीशी तुलना करत नाही, शून्याशी करतो. जणू वेग माहीत नसणारा माणूस प्रत्येक गाडी शून्य फुटांत थांबेल असाच अंदाज देतो आहे. असा अंदाज इतका वाईट असतो की त्याच्यापुढे कोणतीही रेषा थोर दिसते. म्हणून इंटरसेप्ट असलेल्या आणि नसलेल्या रेषांचे आर-स्क्वेअर कधीही एकमेकांशी ताडू नयेत. प्रश्नात दोन्ही आउटपुट शेजारी दिली असतील तर परीक्षकाने सापळा तिथेच लावला आहे असे समजावे.

आणखी एक गैरसमज आहे, आणि तो जास्त खोल रुजलेला आहे: आर-स्क्वेअर चांगला, म्हणजे नाते सरळ रेषेचे. वर आपण पाहिले की नाते वळलेले आहे. तर मग वेगाचा वर्गही समीकरणात घालून वक्र काढला, तर आर-स्क्वेअर केवढा वाढेल? ०.६५११ वरून ०.६६७३. दीड टक्क्याच्या आसपास. ज्या आकड्याकडे बघून आपण रेषेची योग्यता ठरवतो, त्याला सरळ आणि वळणदार यांतला फरक जेमतेम जाणवला. कारणही उघड आहे. १५.४ फुटांच्या चुकीत मोठा वाटा त्याच वेगाच्या गाड्यांमधल्या तफावतीचा आहे, १४ मैलांच्या त्या २६ आणि ८० फुटांसारखा. ती तफावत कोणताही वक्र मिटवू शकत नाही, आणि तिच्या गर्दीत वळण लपून जाते.

मग वळणाची एवढी काळजी कशाला? चौथ्या उपप्रश्नासाठी. “ताशी ६० मैल वेगाच्या गाडीसाठी अंदाज वर्तवा.” सरळ रेषा २१८ फूट देते. त्याच नोंदींवरचा वक्र ४१७ फूट देतो. ४ ते २५ मैलांच्या पल्ल्यात दोघे एकमेकांना चिकटून चालले, दोघांचे आर-स्क्वेअर जवळजवळ सारखे, आणि साठाला पोचेपर्यंत त्यांच्यात १९९ फुटांची दरी पडली. यांपैकी कोणता आकडा खरा, हे या ५० नोंदी सांगू शकत नाहीत. पंचविशीच्या पुढची एकही गाडी त्यांनी पाहिलेली नाही. भौतिकशास्त्र वक्राच्या बाजूने आहे, पण १९२० च्या दशकातल्या ब्रेकवरून काढलेला वक्रही आजच्या गाडीला लागू पडणार नाही.

या उपप्रश्नाला पूर्ण गुण द्यावेत असे उत्तर मी फार थोड्या वेळा पाहिले आहे. त्यात २१८ हा आकडा काढून दाखवलेला असतो, कारण विचारले तेच आहे. त्याखाली लिहिलेले असते की ६० हा वेग नोंदींच्या पल्ल्याबाहेर खूप दूर आहे, इंटरसेप्ट उणे आला त्याअर्थी नाते बहुधा वर वळणारे आहे, म्हणून प्रत्यक्ष अंतर २१८ फुटांपेक्षा बरेच जास्त निघण्याची शक्यता आहे.